भीती सासरची, धोका माहेरचा

*मॅडम, माझं वय ४५. दोन वर्षांपासून पाळीत फार जातं, गाठी पडतात, आठ-आठ दिवस थांबत नाही. सोनोग्राफीत ७ सेंमीचा फायब्रॉइड आणि अ‍ॅडिनोमायोसिस निघालं. गोळ्या झाल्या. हार्मोनची कॉपर-टी बसवली, तीही चौथ्या महिन्यात पडून गेली. हिमोग्लोबिन ८.४ आहे. पिशवी काढायचं मी पक्कं केलंय. पण डॉक्टर म्हणतात, ऑपरेशन करतोच आहे तर दोन्ही ओव्हरीजही काढून टाकू, पाळी जायचं वय आलंच, पुढं कॅन्सरची कटकट नको. डाव्या ओव्हरीत ३ सेंमीची पाण्याची गाठ आहे, सीए-१२५ ही तपासणी ५२ आली. सासूबाई सहा वर्षांपूर्वी ओव्हरीच्या कॅन्सरनं गेल्या, त्यामुळे घरचे सगळे 'काढूनच टाक' म्हणून राहिले. माझ्या जावेच्या ओव्हरीज दोन वर्षांपूर्वी, ४२ व्या वर्षी काढल्या, तेव्हापासून ती पहिल्यासारखी राहिली नाही, म्हणून मला धाकधूक वाटते. माझ्या माहेरी कॅन्सर कुणालाच नाही. आईचा ६३ व्या वर्षी खुबा मोडला आणि वडिलांना ५१ व्या वर्षी अटॅक आला होता, एवढंच. मुलगी १९ वर्षांची आहे. काय करू?*
*— एक वाचक, मानेवाडा, नागपूर*

ताई, पिशवी आणि तिच्या दोन्ही बाजूच्या नळ्या काढा, ओव्हरीज ठेवा. तुम्ही जे लिहिलंय त्यावरून माझं मत हेच आहे. त्याला एका रिपोर्टची अट आहे, ती पुढं सांगते.

आधी सासूबाईंचं. घरच्यांची भीती मला कळते. ज्यांनी घरात तो आजार पाहिलाय, पोटातलं पाणी काढायला दर आठवड्याला हॉस्पिटलच्या चकरा मारल्यात, त्यांना कुणी टक्केवारी सांगून काही उपयोग नसतो. पण ओव्हरीच्या कॅन्सरचा वारसा रक्तानं येतो, लग्नानं येत नाही. सासूबाईंच्या आजारामुळं तुमचा स्वतःचा धोका तसूभरही वाढलेला नाही. तो वाढला असेल तर तुमच्या मिस्टरांच्या बहिणींचा, आणि मिस्टरांमार्फत तुमच्या मुलीचा. ते मी शेवटी घेते, कारण या पत्रात मला सगळ्यात महत्त्वाचं तेच वाटलं आणि त्याबद्दल तुम्ही विचारलंच नाही.

तुमचा स्वतःचा वारसा तुम्ही 'एवढंच' म्हणून एका ओळीत उरकलात. आईचा खुबा मोडणं म्हणजे हाडं ठिसूळ होण्याचा कल घरात आहे. वडिलांना पंचावन्नच्या आत अटॅक येणं हे हृदयरोगाच्या कौटुंबिक धोक्यात सरळ मोजलं जातं. ओव्हरीज लवकर काढल्या की ज्या दोन गोष्टींवर सगळ्यात जास्त परिणाम होतो त्या म्हणजे हाडं आणि हृदय. म्हणजे ज्या आजाराच्या धाकानं ओव्हरीज काढायचं चाललंय तो तुमच्या रक्तात दिसत नाही, आणि काढल्यानं जे बळावेल ते मात्र दिसतं.

'पाळी जायचं वय आलंच, आता त्यांचा काय उपयोग' हे वाक्य मी तीस वर्षं ऐकतेय, आणि खोटं कशाला बोलू, सुरुवातीच्या वर्षांत मीही ते पेशंटना ऐकवलंय. तेव्हा आम्हाला तसंच शिकवलेलं होतं: चाळिशी ओलांडली की पिशवीबरोबर ओव्हरीज काढून टाका, पुढचा कॅन्सर टळतो. आपल्याकडं पाळी सरासरी ४६-४७ ला जाते, त्यामुळं ४५ ला ओव्हरी रिटायर व्हायला टेकलेली वाटणं साहजिक आहे. पण ती एका दिवसात कुलूप लावून निघून जात नाही. शेवटची चार-पाच वर्षं तिचं इस्ट्रोजेन चढउतार करत हळूहळू कमी होतं आणि शरीर त्याची सवय करून घेतं. पाळी गेल्यावरही तिचा आतला भाग पुढं कित्येक वर्षं टेस्टोस्टेरॉन आणि त्याच्या जातीचे हार्मोन्स थोडे-थोडे बनवत राहतो. शरीरातली चरबी त्यातल्या काहींचं इस्ट्रोजेन करते. ऑपरेशननं ओव्हरीज काढल्या की हे सगळं दोन-चार दिवसांत बंद पडतं. उतरणीचा रस्ता काढून टाकून माणसाला गच्चीवरून खाली सोडल्यासारखं आहे ते.

जावेला तेच झालं असणार. अशीच एक बाई माझ्याकडं डिसेंबरात आली होती, वर्धा रोडच्या पलीकडच्या एका शाळेत शिकवणारी, वय ४३. बाहेर १० डिग्री, वेटिंगमध्ये सगळे मफलर गुंडाळून बसलेले, आणि ही स्वेटर मांडीवर काढून ठेवून फाइलनं वारा घेत होती. झोप नाही, सांधे दुखतात, वर्गात मुलांवर उगाच खेकसते, आणि नवऱ्याजवळ जायची इच्छाच नाही. ही शेवटची गोष्ट तिनं उठता उठता, दाराशी सांगितली. घरच्यांनी मानसोपचारवाल्यांकडंही नेलं होतं. मी विचारलं, ओव्हरीज ठेवल्या होत्या ना? तिला माहीतच नव्हतं. 'पिशवी काढली' एवढंच सांगितलं होतं. डिस्चार्ज कार्डावर इंग्रजी आद्याक्षरांत लिहिलेलं होतं आणि बायोप्सीच्या कागदावर 'दोन्ही अंडाशय, सर्वसाधारण' असं. सर्वसाधारण! निरोगी ओव्हरीज काढल्या गेल्या आणि सहा महिने कुणी तिला त्याचं औषधही सुचवलं नव्हतं.

नागपूरच्या बायकांना इथं एक वेगळीच अडचण येते. मे महिन्यात कोण गरमीनं घामेजलंय आणि कोण हार्मोननं, हे ओळखायचं कसं? ओव्हरीची झळ छातीतून उठते, मान-चेहरा लाल करते, दोन-चार मिनिटांत घाम फोडून जाते आणि मागं थंडी वाजल्यासारखं होतं. कूलरसमोरही येते, रात्री तीनला झोपेतून उठवते. नवतपाचं ऊन असं येऊन-जाऊन करत नाही, ते बसूनच राहतं.

आता हृदयाबद्दल मी जे म्हणाले ते कशावरून, ते सांगते. अमेरिकेतल्या नर्सेसचा एक मोठा अभ्यास आहे. त्यात पिशवी काढलेल्या २९,३८० बायकांवर २४ वर्षं लक्ष ठेवलं आणि २००९ मध्ये निष्कर्ष छापले. निम्म्याहून अधिक जणींच्या ओव्हरीजही काढलेल्या होत्या, बाकी १३,०३५ जणींनी ठेवल्या होत्या. ओव्हरीज काढलेल्यांत ओव्हरीचा आणि स्तनाचाही कॅन्सर कमी दिसला, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. पण हृदयविकार वाढला आणि एकूण मृत्यूही थोडे जास्तच झाले. सगळ्यात जास्त फटका बसला तो पन्नाशीच्या आत काढलेल्या आणि नंतर इस्ट्रोजेन न घेतलेल्यांना. आणि ज्यांनी ठेवल्या, त्या तेरा हजारांत ओव्हरीच्या कॅन्सरनं किती गेल्या? २४ वर्षांत ३४. अमेरिकेतल्याच मेयो क्लिनिकच्या (आपलं मेयो नव्हे) अभ्यासांत, कमी वयात दोन्ही ओव्हरीज काढलेल्या बायकांत उतारवयात विसरभोळेपणा आणि स्मृतिभ्रंशही जास्त आढळला. हे सगळे नुसते निरीक्षणाचे अभ्यास आहेत. कुणाच्या काढायच्या ते चिठ्ठ्या टाकून ठरवलं नव्हतं, त्यामुळं 'काढल्या म्हणूनच झालं' असं छातीठोक म्हणता येत नाही. तरी वेगवेगळ्या ठिकाणचे आकडे एकाच दिशेला बोट दाखवतात, म्हणून आता घराण्यात दोष नसेल तर पन्नाशीच्या आत निरोगी ओव्हरीला हात लावू नये, असं बहुतेक संस्था सांगतात.

मग कॅन्सरचं काय? आपल्या देशात साधारण बाईला आयुष्यभरात ओव्हरीचा कॅन्सर होण्याची शक्यता शंभरात एकीपेक्षाही कमी आहे. त्यातही गेल्या वीसेक वर्षांत एक गोष्ट ध्यानात आली. ज्याला आपण ओव्हरीचा कॅन्सर म्हणतो, त्यातला सगळ्यात घातक प्रकार बरेचदा ओव्हरीत सुरूच होत नाही. नळीचं जे टोक ओव्हरीवर झालरीसारखं लोंबतं, त्या झालरीत तो सुरू होतो आणि नंतर ओव्हरीवर उतरतो. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतातल्या डॉक्टरांनी २०१० पासून पिशवीबरोबर दोन्ही नळ्याही काढायचा परिपाठ सुरू केला, आणि पुढं त्या बायकांत हा कॅन्सर अपेक्षेपेक्षा फारच कमी दिसला. मुलं झाल्यावर नळीचं दुसरं काम उरत नाही, ती हार्मोन बनवत नाही. म्हणून पिशवी काढतानाच दोन्ही नळ्या झालरीसकट काढायच्या. ऑपरेशन काही मिनिटांनी लांबतं, बस. डॉक्टरांना नेमकं हेच विचारा: 'नळ्या पूर्ण काढणार ना?' कॅन्सरची भीती बऱ्याच अंशी इथंच कमी होते, आणि ओव्हरी शाबूत राहते.

तुमच्या रिपोर्टवरच्या दोन आकड्यांनी घरच्यांची झोप उडवली असणार. पाळी चालू असलेल्या बाईच्या ओव्हरीत दर महिन्याला अंडं तयार करणारी पाण्याची पिशवी फुगतेच, ती दोन-अडीच सेंमीपर्यंत सहज जाते, कधी फुटायची राहून तीन-चार होते. सोनोग्राफीत भिंत पातळ असेल, आत पडदे किंवा घट्ट भाग नसेल, तर पुढची पाळी संपल्या-संपल्या, सहा-आठ आठवड्यांनी परत बघायचं. बहुतेक वेळा ती नाहीशी झालेली असते. राहिलीच, तर ऑपरेशनमध्ये नुसती गाठ सोलून काढता येते, सगळी ओव्हरी काढायची गरज नसते. आणि सीए-१२५ फक्त कॅन्सरमध्येच वाढतं असं नाही. फायब्रॉइड, अ‍ॅडिनोमायोसिस, पाळीचे दिवस, कशानंही ते ३५ ची रेघ ओलांडतं. तुमच्याकडं दोन्ही कारणं पोटातच बसलेली आहेत. साध्या दिसणाऱ्या गाठीबरोबर ५२ या आकड्याला मी घाबरणार नाही.

आता ती अट. पंचेचाळिशीत इतका रक्तस्राव होत असेल तर ऑपरेशनआधी पिशवीच्या आतल्या अस्तराची बायोप्सी झालीच पाहिजे. तुमच्या पत्रात तिचा उल्लेख नाही, पिशवीच्या तोंडाच्या पॅप स्मिअरचाही नाही. फायब्रॉइड दिसला की सगळं खापर त्याच्यावर फुटतं आणि अस्तर बघायचं राहून जातं, हे मी अनेकदा पाहिलंय. अस्तरात कॅन्सर निघाला तर सगळा हिशोब बदलतो, मग ऑपरेशन वेगळं आणि ओव्हरीजही बहुधा काढाव्या लागतात. तो रिपोर्ट स्वच्छ असेल तरच वरचं सगळं लागू. आणि हिमोग्लोबिन ८.४ वर टेबलावर जायची घाई नको. सलाइनमधून आयर्न घेऊन, तोवर गोळ्यांनी पाळी आवरून, ते दहाच्या वर नेता येतं. तीन-चार आठवड्यांचं काम आहे.

ठेवलेल्या ओव्हरीज कायम नीट चालतील, असं वचन मात्र कुणी देऊ नये. ओव्हरीला रक्त दोन वाटांनी मिळतं, त्यातली एक पिशवीच्या रक्तवाहिनीतून येते आणि ती ऑपरेशनमध्ये बांधावीच लागते. त्यामुळं पिशवी काढलेल्यांच्या ओव्हरीज एरवीपेक्षा वर्ष-दोन वर्षं आधी थकतात, क्वचित त्याहूनही लवकर. पाळी नसल्यामुळं ते कळायला खूण राहत नाही. ती वर सांगितलेली झळ, तुटक झोप, कोरडेपणा सुरू झाला की 'माझी तर पिशवीच काढलीय' म्हणून सोडून देऊ नका. थोड्याजणींना पुढं ठेवलेल्या ओव्हरीत गाठ किंवा दुखणं होऊन परत ऑपरेशन लागतं. तीस वर्षांच्या हिशेबात दहात एकीपेक्षा कमी, आणि पिशवी न काढलेल्या बायकांतही हे प्रमाण फार वेगळं नसतं.

डॉक्टर ऐकतील का, हा तुमचा पुढचा प्रश्न असणार. त्यांच्याशी भांडायचं काही कारण नाही. बरेच जण जुन्या शिकवणीनं बोलतात, आणि नीट विचारलं तर ठेवतात. पण तोंडी ठरलेलं ऑपरेशन थिएटरच्या दाराशी विरून जातं, म्हणून संमतीपत्रावर लिहून घ्या. छापील फॉर्मवर 'आवश्यक ती शस्त्रक्रिया' असं मोघम असतं. त्याखाली मराठीत, आपल्या हातानं लिहा: 'गर्भाशय व दोन्ही गर्भनलिका काढण्यास माझी संमती आहे. दोन्ही अंडाशय ठेवावेत. अंडाशय कॅन्सरसारखा दिसल्यास, किंवा रक्तस्राव दुसऱ्या मार्गानं थांबत नसल्यासच काढावा, आणि शक्य असल्यास फक्त त्याच बाजूचा.' एकटा अंडाशयही बरंचसं काम सांभाळून नेतो, म्हणून ते शेवटचे शब्द. सही तुमची. मिस्टरांची सही घेतात ती रिवाज म्हणून, कायद्यानं सज्ञान बाईची स्वतःची संमतीच लागते. २००८ मध्ये सुप्रीम कोर्टापुढं अशीच केस होती. ४४ वर्षांची बाई दुर्बिणीच्या तपासणीला भूल घेऊन झोपली असताना बाहेर आईची सही घेऊन पिशवी आणि ओव्हरीज काढल्या. जिवावर बेतलेलं नसताना असं करणं कोर्टानं बेकायदा ठरवलं.

बायोप्सीत किंवा टेबलावर काही निघून दोन्ही ओव्हरीज काढाव्या लागल्याच, तर पुढचं औषध आधीच ठरवून ठेवा. पिशवी नसल्यामुळं नुसतं इस्ट्रोजेन पुरतं, त्याच्या जोडीचं प्रोजेस्टेरॉन सहसा लागत नाही. गोळी येते, किंवा हातावर-मांडीवर लावायची जेल येते. रक्तात गुठळ्या होण्याचा धोका जेलमध्ये कमी. हे किमान ५०-५१ पर्यंत घ्यायचं. 'हार्मोन्सनी कॅन्सर होतो' ही भीती आली ती मुख्यतः पाळी गेलेल्या, वयानं मोठ्या बायकांना दोन हार्मोन्स एकत्र देऊन केलेल्या अभ्यासातून. त्याच अभ्यासाच्या नुसत्या इस्ट्रोजेनच्या गटात स्तनाचा कॅन्सर वाढला नव्हता. अस्तराचा किंवा स्तनाचा कॅन्सर निघाला, आधी पायात किंवा फुप्फुसात गुठळी झालेली असली, किंवा लिव्हर बिघडलेलं असलं, तर मात्र हे आपल्या मनानं घ्यायचं नाही. तुमची जाऊ आज ४४ चीच आहे. ती इस्ट्रोजेन घेते का, विचारा. घेत नसेल तर अजून वेळ गेलेली नाही, तिला एखाद्या गायनॅककडं घेऊन जा.

राहिल्या सासूबाई. ओव्हरीचा कॅन्सर झालेल्या दर शंभरातल्या पंधरा-वीस जणींत तो बीआरसीए नावाच्या जीनमधल्या दोषामुळं झालेला असतो. हा दोष मुलांपर्यंत जाण्याची शक्यता निम्मी, आणि मुलगा असो की मुलगी, फरक पडत नाही. तो तुमच्या मिस्टरांकडं आला असेल, तर त्यांना ओव्हरी नाही म्हणून तो दिसणार नाही, आणि त्यांच्यामार्फत मुलीकडं जाऊ शकतो. आपल्याकडं वारसा विचारताना बापाची बाजू कुणी विचारतच नाही. ज्यांच्यात हा दोष सापडतो, त्यांच्या बाबतीत माझा वरचा सल्ला उलटा होतो. दोषाच्या प्रकाराप्रमाणं पस्तिशी ते पंचेचाळिशीच्या दरम्यान, मुलं झाल्यावर, नळ्या आणि ओव्हरीज दोन्ही काढायला आम्ही स्वतः सांगतो, कारण तिथं धोका शंभरात चाळिसापर्यंत जातो. नणंदा असतील तर हा प्रश्न आत्ता त्यांचा आहे, 'काढूनच टाक' म्हणणाऱ्यांनी आधी त्यांना फोन करावा.

मुलीची तपासणी आज नको. आधी मिस्टरांची, रक्ताच्या एका नमुन्यावर होते. सासूबाईंचाच दोष काय होता हे आता कळायचं नाही, पण मिस्टरांच्यात बीआरसीएचा दोष नाही निघाला तर त्यांच्याकडून मुलीकडं तो जायचा प्रश्नच उरत नाही. निघाला, तर पंचविशीच्या आसपास तिनं स्वतः ठरवून तपासून घ्यावं. सासूबाईंची फाइल अजून कपाटात असेलच. तिच्यातला बायोप्सीचा कागद शोधा आणि त्यावर 'सिरस' हा शब्द आहे का बघा, बीआरसीएचं नातं मुख्यतः त्या प्रकाराशी आहे. तो कागद घेऊन मिस्टरांनी कॅन्सरच्या डॉक्टरांकडं जाऊन यावं. तुमचं ऑपरेशन त्यासाठी थांबवायचं कारण नाही.